एकोणसाठ, एकसष्ट आणि एका सेमिस्टरमध्ये मावणारा प्रश्न

बी.एड. किंवा एम.एड. केलेल्या प्रत्येकाने प्रकल्पाच्या अहवालात ‘संशोधनातील उणीव’ नावाचा परिच्छेद लिहिलेला असतो. त्याचं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं : ‘या विषयावर पुरेसे संशोधन झालेले नाही.’ तिथून आपण एकदम शीर्षकावर उडी मारतो, शीर्षकाखाली पाच उद्दिष्टं मांडतो आणि कामाला लागतो. मधली एक पायरी राहूनच जाते. उणिवेच्या त्या वाक्यातून एक सरळ प्रश्न काढायचा आणि त्याचं उत्तर हातातल्या वेळात मिळेल का, हे आधी तपासायचं, ही ती पायरी. या वर्षी आमच्या महाविद्यालयातल्या एका छात्राध्यापिकेबरोबर मी याच पायरीवर तीन आठवडे बसलो. ते तीन आठवडे कसे गेले, ते इथे मांडतो. पालकांनीही वाचावं असं मला वाटतं, कारण प्रश्न तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरचाच आहे. तुम्ही ‘एकोणसाठ लिही’ म्हणता आणि पोरगं ६९ लिहून मोकळं होतं.

एवढा खटाटोप का, असं कुणी विचारेल. मध्यंतरी एका दुसऱ्या महाविद्यालयातला प्रकल्प अहवाल माझ्या हाती आला होता. एका सत्रात ‘गणितविषयक अभिवृत्तीत’ झालेला बदल मोजायचा होता. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, चाळीस मुलं. तक्ता पाहिला तर चाळीसच्या चाळीस मुलांचे गुण वाढलेले, एकही मूल जागच्या जागी नाही, आणि गैरहजर तर कुणीच नाही. कुठल्या वर्गात असं होतं, तुम्हीच सांगा. ते विद्यार्थी लबाड होते असं मी म्हणणार नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर चार महिन्यांत मिळणं शक्य नव्हतं तो त्यांच्या गळ्यात पडला आणि शेवटच्या आठवड्यात रकाने घरी बसून भरले गेले. प्रश्न आवाक्यात असता तर कदाचित तेच विद्यार्थी प्रामाणिक तक्ता घेऊन आले असते.

आता आमच्या छात्राध्यापिकेकडे येऊ. तिने आणलेलं पहिलं वाक्य असं होतं : ‘मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना संख्यावाचन व संख्यालेखनात अडचणी येतात, परंतु या विषयावर पुरेसे संशोधन झालेले नाही.’ आणि शीर्षक : ‘नवीन संख्यावाचन पद्धतीचा विद्यार्थ्यांच्या गणितीय आकलनावर होणारा परिणाम’. नवीन पद्धत म्हणजे कुठली, हे बहुतेकांना आठवत असेल. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची तऱ्हा आली आणि त्यावरून विधानसभेपासून व्हॉट्सअॅपपर्यंत गदारोळ झाला. तिला त्या वादाचा निकाल लावायचा होता. इच्छा चांगलीच होती.

मी तिला ‘पुरेसे’ या शब्दाखाली रेघ मारायला सांगितली. किती झालं म्हणजे पुरेसं? आणि झालेलं नाही हे कुणी, कुठे शोधून ठरवलं? उणीव लिहायची तर तीन गोष्टी लिहाव्या लागतात. काय माहीत आहे, त्याच्या लगतचं नेमकं काय माहीत नाही, आणि ते कळल्याने कुणाचं काय बदलेल. यातली पहिली गोष्ट लिहिण्यासाठी आधी वाचावं लागतं, आणि सगळे टाळतात ते नेमकं हेच. तिला एक आठवडा दिला. शोधगंगा, गूगल स्कॉलर आणि आमच्या ग्रंथालयातले जुने लघुप्रबंध, या तीन ठिकाणी शोधायचं. कुठले शब्द टाकून शोधलं आणि काय मिळालं याची वहीत तारखेसह नोंद करायची. ही वही फार कामाची असते. ‘संशोधन झालेले नाही’ असं ठोकून देण्याऐवजी ‘या तीन ठिकाणी, या शब्दांनी शोधले असता आढळले नाही’ असं लिहिता येतं. हे वाक्य खरं असतं आणि तोंडी परीक्षेत त्याच्यामागे उभं राहता येतं.

त्या आठवड्यात तिला दोन महत्त्वाच्या गोष्टी सापडल्या, आणि दोन्ही परदेशातल्या. जर्मन भाषेत आपल्यासारखंच एकक आधी बोलतात. पंचवीस म्हणजे त्यांच्याकडे ‘पाच-आणि-वीस’. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना संख्या सांगून लिहायला लावल्या, तेव्हा त्यांच्या चुकांपैकी जवळपास निम्म्या चुका दशक-एकक अदलाबदलीच्या निघाल्या, असा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला आहे. दुसरी गोष्ट आणखी मजेची. चेक भाषेत दोन अंकी संख्या दोन्ही तऱ्हांनी बोलता येतात, ‘वीस पाच’ अशीही आणि ‘पाच-वीस’ अशीही. तिथल्या मुलांना दोन्ही तऱ्हांनी संख्या सांगितल्या, तर एकक-आधीच्या तऱ्हेत उलटापालट जास्त झाली. मुलं तीच, संख्याही त्याच, फक्त नाव वेगळं.

हे वाचून ती उत्साहाने म्हणाली, “सर, मग हेच मराठीत करते. ‘त्रेसष्ट’ आणि ‘साठ तीन’, दोन्ही सांगून बघते.”

करता आलं असतं. एका सेमिस्टरमध्ये सहज झालं असतं. पण मी तिला विचारलं, काय निघेल असं वाटतं? ती म्हणाली, ‘साठ तीन’ला कमी चुका होतील. उलटं निघालं तर? ती थांबली. ‘साठ तीन’ ऐकून ६३ लिहिणं सोपं जाणार, हे तुम्हालाही वाचताक्षणी कळलं असेल. आणि उलटं निघालंच, तर मुलांना ती तऱ्हा परिचयाची नव्हती एवढंच कारण देऊन मोकळं व्हावं लागलं असतं. म्हणजे एक उत्तर आधीच ठाऊक आणि दुसऱ्या उत्तरातून काही कळत नाही. माझ्या मते असा प्रश्न सेमिस्टरमध्ये बसला तरी घेऊ नये. उत्तर ‘हो’ आलं तरी दोन ओळी लिहिता याव्यात आणि ‘नाही’ आलं तरीही याव्यात, एवढी तरी अट प्रश्नाला घालावीच.

मूळचा ‘परिणामा’चा प्रश्न तर आणखी लवकर गळाला. ‘परिणाम’ हा शब्द प्रकल्पांत फार स्वस्त झाला आहे. परिणाम म्हणायचा तर ज्यांच्यावर ती गोष्ट घडली नाही अशी मुलंही हवीत. कुठल्या वर्गात कुठल्या बाईंनी कुठली तऱ्हा वापरली याची नोंद कुठेही नाही. घरी आजी ‘त्रेसष्ट’च म्हणते, वाणीही ‘त्रेसष्ट’च म्हणतो. नव्या तऱ्हेचंच मूल किंवा जुन्या तऱ्हेचंच मूल आणायचं कुठून? आणि ‘गणितीय आकलन’ चार महिन्यांत हललं, तरी ते याच कारणाने हललं हे कसं सांगणार? हे काम करायला एखाद्या संस्थेला काही वर्षं लागतील. एका छात्राध्यापिकेच्या जुलै ते नोव्हेंबरमध्ये ते बसत नाही.

मग मी तिला एक ते शंभर संख्या अक्षरी लिहून काढायला सांगितल्या आणि जर्मनमध्ये नाही असं आपल्याकडे काय दिसतं, ते शोधायला सांगितलं. तुम्हीही मनात म्हणून पाहा. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस… आणि मग एकोणतीस. इथे भाषा एकदम गाडी बदलते. अठ्ठावीसमध्ये आठ ऐकू येतो आणि वीसही ऐकू येतात. एकोणतीसमध्ये नऊ ऐकूच येत नाही, आणि दशक ऐकू येतं ते पुढचं! ‘एकोण’ म्हणजे एक उणा. मुलाने तीस ऐकायचे, त्यातून एक मनातल्या मनात वजा करायचा, आणि लिहायचे मात्र दोन आणि नऊ. हिंदीतही उनतीस, उनसठ आहेतच, पण जर्मन आणि चेक मुलांच्या वाट्याला हे येत नाही. त्यांच्या अभ्यासांतून आपल्याला याचं उत्तर मिळणार नाही. उणीव सापडली ती इथे.

तिने पुन्हा लिहिलेला परिच्छेद साधारण असा झाला : ‘ज्या भाषांत एकक आधी उच्चारतात त्या भाषांतील मुले ऐकून संख्या लिहिताना अंकांची अदलाबदल करतात, हे जर्मन व चेक भाषांत दिसून आले आहे. मराठीत याशिवाय “एकोण”ची नावे आहेत, ज्यांत पुढचे दशक उच्चारले जाते. या नावांवर मुलांच्या चुका अदलाबदलीच्याच असतात की वेगळ्या, याविषयी मी शोधलेल्या ठिकाणी अभ्यास आढळला नाही. चूक कुठल्या प्रकारची हे कळल्यास शिक्षकाला सराव कशाचा द्यावा हे ठरवता येईल.’ यात ‘पुरेसे’ हा शब्द कुठेही नाही. शेवटचं वाक्य मला सगळ्यात आवडलं. मुलाने ५९ ऐवजी ९५ लिहिलं तर त्याला दशक-एककाचा सराव हवा. ६९ लिहिलं तर दशक-एककाचे कितीही गठ्ठे बांधून उपयोग नाही, कारण त्याची अडचण ‘एकोण’मध्ये आहे. आज आपण दोघांनाही ‘पुन्हा पाढे म्हण’ असंच सांगतो.

या परिच्छेदातून प्रश्न काढायला अर्धा तास लागला. पहिला मसुदा होता, ‘तिसरीतील मुले एकोण-संख्या लिहिताना कोणत्या चुका करतात?’ हा वाईट नाही, पण त्यात तुलना नाही. ‘चुका करतात’ म्हटलं की पुढचा माणूस विचारतो, बाकीच्या संख्यांवर करत नाहीत का? दुसऱ्या मसुद्यात ‘का करतात’ शिरलं. ते मी लगेच काढायला लावलं. कागदावरच्या ६१ कडे पाहून मुलाच्या डोक्यात काय चाललं होतं, हे आपल्याला कळत नाही. तिसरा मसुदा टिकला :

‘मराठी माध्यमाच्या दोन शाळांतील इयत्ता तिसरीची मुले दोन अंकी संख्या ऐकून लिहिताना, एकोण-नावांच्या संख्यांवर करत असलेल्या चुका त्यांच्या आधीच्या संख्यांवरील चुकांपेक्षा वेगळ्या प्रकारच्या असतात का?’

कोण, काय करताना, कशाच्या तुलनेत आणि काय मोजायचं, या चारही गोष्टी वाक्यातच आहेत. वाक्य लांबलचक आहे आणि कानाला गोड लागत नाही, पण मुखपृष्ठावर छापायला नाही, काम करायला प्रश्न हवा होता.

‘आधीच्या संख्या’ कुठून आल्या? एकोण-संख्या मोजून पाहिल्या तर त्या अगदी थोड्या निघतात. १९, २९, ३९, ४९, ५९, ६९ आणि ७९. ९९ यांत नाही, ते नव्व्याण्णव, आणि ८९ला एकोणनव्वद आणि नव्याऐंशी अशी दोन्ही नावं आहेत, म्हणून तोही घेतला नाही. म्हणजे भाषेनेच नव्वदीच्या आसपास नियम सैल केला आहे. १९ दहाच्या घरातला, तिथे सगळीच नावं वेगळ्या तऱ्हेची, म्हणून तो बाजूला ठेवला. उरल्या सहा. सहापेक्षा फार जास्त घ्यायच्या म्हटलं तरी भाषेत त्या नाहीतच! तुलनेसाठी त्यांच्याच शेजारच्या सहा घेतल्या, २८, ३८, ४८, ५८, ६८ आणि ७८. दशक तेच, एकक फक्त एकाने कमी, म्हणून जोड्या बऱ्यापैकी जुळतात. मुलांना सूत्र कळू नये म्हणून मध्ये बारा इतर संख्या पेरल्या. एकूण चोवीस. त्यांत ३३, ४४ असल्या नकोत, कारण त्यांचे अंक उलटे केले तरी कळणार नाही.

यापुढची गोष्ट मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांकडून करून घेतो, आणि तुम्हीही करून पाहाच. माहिती गोळा करायला जाण्याआधी तक्ता काढायचा, रिकामा. तिने काढलेल्या तक्त्यात डावीकडे दोन ओळी होत्या, एकोण-संख्या आणि शेजारच्या संख्या. वर रकाने. बरोबर, अंक उलटे, ऐकलेलं दशक तसंच लिहिलेलं, एक बेरजेत घेतलेला, इतर, आणि कोरं. एकोणसाठसाठी हे रकाने असे भरतात : ५९ बरोबर, ९५ उलटं, ६९ म्हणजे साठ ऐकले आणि नऊ आठवले, ६१ म्हणजे ‘एक’ आणि ‘साठ’ ऐकून जोडले. सहाही संख्यांसाठी हे पडताळून पाहिलं, तर एकच उत्तर दोन रकान्यांत जातंय असं कुठेही होत नाही. झालं असतं तर ती संख्या टाकून द्यावी लागली असती. हे आधी कळणं आणि साठ मुलांचे कागद हातात आल्यावर कळणं, यात एक महिन्याचा फरक आहे.

रिकाम्या तक्त्यानेच आणखी एक अडचण दाखवली. ६१ लिहिणाऱ्या मुलाने एक अधिक केला की त्याला मुळातच ‘एकसष्ट’ ऐकू आलं? एकोणतीस आणि एकतीस भरभर म्हणून पाहा, फरक फार थोडा आहे. यावर उपाय दोन. एक म्हणजे संख्या मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या, प्रत्येक दोनदा, म्हणजे दोन्ही शाळांत आवाज आणि वेग तोच राहतो. दुसरा म्हणजे अहवालात स्पष्ट लिहायचं की या रकान्यातल्या चुका ऐकण्याच्या की विचाराच्या, हे या पद्धतीने सांगता येत नाही. आणखीही एक मर्यादा आहे. एकोणसाठमध्ये ‘साठ’ स्वच्छ ऐकू येतात, पण अठ्ठावन्नमध्ये ‘पन्नास’ तसे ऐकू येत नाहीत, ‘वन्न’ येतं. म्हणजे जोड्या सगळ्या बाबतींत जुळलेल्या नाहीत. प्रश्न बाद होण्याइतकी ही गोष्ट मोठी नाही, पण लिहिणं भाग आहे.

आता वेळ. छात्राध्यापिकेच्या वहीत सेमिस्टर अठरा आठवड्यांचं होतं. मी तिला शाळेची दिनदर्शिका शेजारी ठेवायला सांगितलं, महाविद्यालयाची नाही, कारण मुलं शाळेच्या दिनदर्शिकेप्रमाणे चालतात. गणपतीचा आठवडा गेला. प्रथम सत्र परीक्षा आणि तिच्या आधीची उजळणी धरून दोन आठवडे गेले, त्या काळात कुठलेही मुख्याध्यापक वर्ग देत नाहीत आणि देऊही नये. दिवाळीची सुट्टी धरली की त्याच्यानंतर माहिती गोळा करण्याची भाषा नको. प्रश्न ठरवण्यात गेलेले तीन आठवडे आणि आमच्याच लेखी परीक्षेचे दोन आठवडेही वजा. हाताशी उरले आठ. त्यातले चार लिहिण्याचे. हे चार मी कुणालाच कमी करू देत नाही, कारण पहिला मसुदा मार्गदर्शकाकडे जाऊन परत यायलाच एक आठवडा जातो. म्हणजे परवानगी, चाचपणी, प्रत्यक्ष काम आणि मोजणी, सगळं मिळून चार आठवडे.

बसतं का? श्रुतलेखन चोवीस संख्यांचं. प्रत्येकीला पंधरा सेकंद धरले तर सहा मिनिटं, पोरं बसवणं आणि कागद वाटणं धरून एक तासिका. दोन शाळा म्हणजे दोन दिवस. साठ मुलांची चोवीस उत्तरं म्हणजे १,४४० उत्तरं. एका उत्तराला दहा सेकंद धरले तर चार तास. दोघांनी स्वतंत्र तपासायचं ठरवलं तरी एका रविवारचं काम. खरा वेळ खाणार ती परवानगी. मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांची संमती, चिठ्ठी दप्तरात राहिली, बाबा गावाला गेले. त्याला दोन आठवडे दिले. तपासणीला चार तास आणि संमतीला दोन आठवडे, हे प्रमाण नवख्या माणसाला कधीच पटत नाही. तुमच्या मुलाच्या दप्तरात अशी चिठ्ठी सापडली, तर सही करा किंवा नकार लिहा, पण परत पाठवा एवढी विनंती.

शेवटची कसोटी म्हणजे चाचपणी. ती तिसऱ्याच एका शाळेतल्या तिसरीच्या आठ मुलांवर केली. तिचा हेतू मुलं काय चुकतात हे शोधण्याचा नव्हता, चुका पुरेशा येतात का, एवढंच पाहायचं होतं. याचं गणित सोपं आहे. आठ मुलं आणि सहा एकोण-संख्या म्हणजे ४८ संधी. समजा त्यात १४ चुका आल्या. मग साठ मुलांच्या ३६० संधींत साधारण १०५ येतील, त्या रकान्यांत वाटून काही बोलता येईल. पण समजा ४८ मध्ये दोनच चुका आल्या, तर ३६० मध्ये येतील साधारण १५. पाच रकान्यांत प्रत्येकी तीन-चार. त्यावरून कुठलाही निष्कर्ष काढणं म्हणजे थापा मारणं. अशा वेळी प्रश्न तोच ठेवून इयत्ता बदलायची, तिसरीऐवजी दुसरी घ्यायची. हे आधी कळलं पाहिजे, म्हणून चाचपणी. आमच्याकडे तिसरीतच चुका पुरेशा आल्या.

पण चाचपणीने दोन गोष्टी अशा दाखवल्या ज्या आम्हा दोघांच्या ध्यानीमनीही नव्हत्या. एक, मुलं पेन्सिलने लिहितात आणि खोडतात. खोडलेल्या ६९ वर लिहिलेला ५९ फक्त ‘बरोबर’ दिसतो, त्याच्याखालची चूक गेलीच. म्हणून आता पेन द्यायचं आणि चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहायला सांगायचं. मोजायचं मात्र शेवटचं उत्तर, आणि रेघ मारलेली उत्तरं वेगळी नोंदवायची. दुसरी गोष्ट जास्त गमतीची. काही मुलं देवनागरी आणि इंग्रजी अंक एकाच कागदावर मिसळून लिहितात. आपला देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ घाईच्या अक्षरात जवळजवळ सारखेच दिसतात! एका कागदावर एकोणसाठसमोर जे लिहिलं होतं ते तिने एकसष्ट वाचलं आणि मी एकोणसत्तर. आमच्या तक्त्यात हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि नेमके तेच दोन. आता प्रत्येक मुलाने आधी कागदाच्या डोक्यावर शून्य ते नऊ हे अंक लिहायचे, म्हणजे त्याचा एक कसा आणि नऊ कसा हे तपासणाऱ्याला दिसेल. जिथे दोघांचं वाचन जुळणार नाही ते उत्तर ‘वाचता येत नाही’ म्हणून वेगळं ठेवायचं. असे किती निघाले तेही छापायचं.

आणखी एक छोटी पण महत्त्वाची दुरुस्ती मोजणीत केली. साठ मुलांच्या १०५ चुकांपैकी पन्नास चुका दहाच मुलांच्या असू शकतात. मग ‘निम्म्या चुका अशा प्रकारच्या’ हे वाक्य वाचून वर्गच तसा चुकतो असं वाटेल, आणि ते खोटं असेल. म्हणून दुसरा तक्ता मुलांचा करायचा. प्रत्येक मुलाची सर्वांत जास्त वेळा झालेली चूक कुठली, आणि अशी मुलं किती. पालकांना खरं तर हाच तक्ता उपयोगी पडेल.

या सगळ्यात मूळ प्रश्नातलं काय शिल्लक राहिलं, असं तिने मला मध्येच थोडं रागावून विचारलं होतं. संख्यावाचनाची कुठली पद्धत चांगली, याचं उत्तर यातून मिळणार नाही, हे खरं आहे. दोन शाळांतल्या साठ मुलांवरून महाराष्ट्राबद्दलही काही बोलता येणार नाही. पण समजा एकोण-संख्यांवर बहुतेक मुलं ६९ सारखी चूक करताना दिसली. मग ‘वीस एक’च्या वादात ज्या नावांची फारशी चर्चाच होत नाही, ती सहा नावं वेगळी शिकवायला हवीत, एवढं तरी ती त्या दोन शाळांतल्या बाईंना तक्ता दाखवून सांगू शकेल. आणि समजा तिथेही शेजारच्या संख्यांसारखीच उलटापालट दिसली, तर एकोणसाठी वेगळा सराव नको, आहे तोच पुरे, हेही सांगता येईल. दोन्ही उत्तरांसाठी तिने अहवालाच्या शेवटच्या प्रकरणाचे दोन-दोन परिच्छेद आत्ताच लिहून ठेवले आहेत. त्यातले कुठले ठेवायचे आणि कुठले फाडायचे, हे महिन्याभरात कळेल.

पहिल्या शाळेची संमतिपत्रं आली आहेत, पाच सोडून. त्या पाच मुलांना श्रुतलेखनाच्या तासाला चित्र काढायला बसवायचं की बाकीच्यांबरोबर लिहू देऊन त्यांचे कागद न मोजता परत द्यायचे, यावर वर्गशिक्षिका आणि तिचं अजून एकमत झालेलं नाही. माझं मत दुसऱ्या बाजूने आहे, पण वर्ग बाईंचा आहे.